शिलाई मशीनच्या फोटोवरून मॉडेल ओळखून सुई, बॉबिन आणि माहितीपुस्तिका मिळवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरे घरात आजी-पणजीपासून आलेल्या काळ्या, लोखंडी, हाताच्या किंवा पायाच्या मशीनबद्दल आहेत. फसगत तिथेच जास्त होते. प्लॅस्टिकच्या नव्या मशीनसाठी शेवटाकडे एक छोटा प्रश्न आहे.

समोरून काढलेला एक चांगला फोटो पुरत नाही का?

बहुतेक वेळा नाही. सिंगरच्या 15 या मॉडेलची रचना इतकी गाजली की भारतात आणि जपानमध्ये अनेक कंपन्यांनी तिच्याच धर्तीवर मशीन बनवली. उषा, मेरिट, रीटा अशी वेगवेगळी नावे असली तरी लांबून आकार एकच दिसतो: काळा रंग, सोनेरी वेलबुट्टी, उजवीकडे चाक. शिवाय दुरुस्तीच्या वेळी मशीनला नवा रंग देऊन नवी पट्टी चिकटवण्याची पद्धत जुनीच आहे. म्हणून वरचे नाव आणि नक्षी हा पुरावा धरू नका, फक्त अंदाज धरा.

मॉडेल खरे ठरते ते बॉबिन झाकणाऱ्या सरकत्या पट्टीखाली. बॉबिन कुठे बसते, आडवी की उभी, आणि सुईचा दोरा पकडणारे शटल गोल फिरते, अर्धे फिरून परत येते की झोपाळ्यासारखे हलते, एवढे कळले की सुई आणि बॉबिनचा प्रश्न जवळपास सुटतो. समोरच्या फोटोतून एक खूण मात्र जरूर मिळते. दोरा आवळण्याची टेन्शनची चकती डाव्या टोकाच्या प्लेटवर असेल तर सिंगर 15 च्या घराण्याकडे बोट जाते. ती समोरच्या बाजूला असेल तर 66, 99 किंवा 201 यांचाही विचार करावा लागतो.

मग नेमके कोणते फोटो काढायचे?

पहिला फोटो पूर्ण मशीनचा, समोरून. फोन मशीनच्या उंचीवर धरा आणि दीड-दोन मीटर मागे जाऊन झूम करा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा फुगतात आणि पूर्ण मापाचे मशीन लहान मापाच्या मशीनसारखे दिसू शकते. बेड म्हणजे कापड सरकते तो सपाट भाग. त्याच्या पुढच्या कडेला स्टीलची पट्टी टेकवून लांबी फोटोतच येऊ द्या.

दुसरा फोटो चाकाच्या बाजूचा, बेडवरच्या नंबरचा. तिसरा डाव्या टोकाचा, म्हणजे सुईची दांडी, दाब पाय आणि टेन्शन दिसतील असा. चौथा सर्वांत महत्त्वाचा: सरकती पट्टी पूर्ण उघडून, सुई वर घेऊन, बॉबिन जागेवर असताना वरून काढलेला. पाचवा फोटो बॉबिन बाहेर काढून, एकदा वरून आणि एकदा कडेने, शेजारी मिलीमीटरची पट्टी ठेवून. पट्टी आणि बॉबिन एकाच पातळीवर हवेत. पट्टी टेबलावर आणि बॉबिनची वरची कड 11 मिमी वर असेल तर मापात चूक येते, म्हणून पट्टीखाली एखादी वही सरकवा.

मापासाठी शेजारी नाणे ठेवायची सवय अनेकांना आहे. ती टाळा. 1992 पासूनचा रुपया 25 मिमी व्यासाचा आहे आणि 2011 च्या मालिकेतला सुमारे 22 मिमीचा. फोटो पाहणाऱ्याला नाणे कोणते हे कळले नाही तर बॉबिनचे माप तीन मिलीमीटरने चुकते, आणि इथे एक मिलीमीटरसुद्धा जास्त आहे.

नंबर पुसट झालाय, फोटोत काहीच दिसत नाही.

फ्लॅश बंद करा. समोरून पडलेला उजेड ठोकलेले अंक बुजवून टाकतो. खोलीत अंधार करून टॉर्च बेडला जवळजवळ समांतर, कडेने धरा. अंकांच्या खाचांत सावली पडते आणि ते उठून दिसतात. टॉर्च एकदा डावीकडून, एकदा वरच्या बाजूने धरून दोन-तीन फोटो घ्या, कारण 3 आणि 8 किंवा 5 आणि 6 यांतला फरक एका कोनातून कळेलच असे नाही.

तेलाचा काळा थर असेल तर मऊ फडक्यावर शिलाई मशीनचेच तेल घेऊन तो सोडवा. सँडपेपर, तारेचा ब्रश किंवा थिनर वापरू नका. नक्षी जाईल आणि अंक उथळ होतील. पुसल्यावर बोटाने थोडी टाल्कम पावडर चोळून वरवर झटकली की ती खाचांत राहते. तेही जमले नाही तर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासा, छाप उमटेल.

एक इशारा. मशीन उलटे केल्यावर खालच्या भागांवर जे आकडे दिसतात ते सुट्या भागांचे किंवा साच्याचे असतात. मोटर लावलेली असेल तर तिच्या पट्टीवरचा नंबर मोटरचा असतो. या दोन्हींवरून मशीनचे मॉडेल शोधू गेलात तर भलतेच काही हाती लागेल.

नंबरवरून मॉडेल कळतेच का?

सिंगर असेल तर बहुधा कळते. सिंगरने नंबर मॉडेलनुसार गठ्ठ्यांनी वाटून दिले होते आणि त्या याद्या आज उपलब्ध आहेत. 1900 पूर्वीच्या नंबरात अक्षर नसते, नुसते आकडे असतात. त्यानंतर एक अक्षर आणि पुढे दोन अक्षरे आली. आपल्याकडच्या जुन्या सिंगरपैकी अनेक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातल्या आहेत. मॉडेलच्या आकड्यामागे ‘के’ असेल, म्हणजे 15के, 66के, 99के, 201के, तर ते त्याच कारखान्याचे. दोन अक्षरी नंबरांत ‘ई’ने सुरू होणारे गटही तिथलेच. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला.

यादीतले वर्ष हे नंबरांचा गठ्ठा दिल्याचे वर्ष असते. मशीन प्रत्यक्ष जुळून दुकानात यायला त्यानंतर काही काळ गेलेला असू शकतो. सुई-बॉबिनसाठी याने काही बिघडत नाही.

सिंगरखेरीज इतर काळ्या मशीनवर नंबराच्या आधारे मॉडेल शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे सरळ बॉबिन मोजा.

बॉबिन बघून काय काय ठरवता येते?

घरगुती काळ्या मशीनपुरते तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला, लांबट शटलचा. सरकती पट्टी उघडली की होडीच्या किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल दिसते, आणि त्यात बारीक लांब दांडीची बॉबिन, दोन्ही टोकांना छोट्या चकत्या. हे सिंगर 27, 28, 127, 128 यांचे घराणे. ही बॉबिन दुसऱ्या कशाशीही गल्लत होण्यासारखी नाही, फक्त मिळायला कठीण जाते.

दुसरा, 15 क्लास. बॉबिन गोल, दोन्ही बाजू सपाट, व्यास 20.3 मिमी, उंची सुमारे 11.7 मिमी. ती सुट्या बॉबिन केसमध्ये बसवून केस डाव्या टोकाकडून उभी आत सरकवतात. उषा, मेरिट आणि जपानी नकला बहुतांश याच.

तिसरा, 66 क्लास. व्यास जवळपास तेवढाच, उंचीही फार वेगळी नाही, पण दोन्ही बाजू बाहेरच्या अंगाला किंचित फुगीर. ही बॉबिन वरून, आडवी, मशीनमध्येच टाकली जाते. वेगळी केस हातात येत नाही. सिंगर 66, 99 आणि 201 यांची बॉबिन हीच.

खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे. मापे इतकी जवळ आहेत की 15 क्लासची बॉबिन 66 च्या खोबणीत जाते, आणि जाते म्हणून दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही खूश होतात. घरी आल्यावर ती कडेला घासते, दोरा मध्येच घट्ट होतो, मध्येच सैल. खालचा टाका एकसारखा पडत नाही आणि दोष टेन्शनवर ढकलला जातो. ओळखायची सोपी रीत अशी: रिकामी बॉबिन काचेवर ठेवा आणि कडेवर बोटाने दाबा. सपाट असेल तर हलणार नाही. फुगीर असेल तर डुलेल. फोटो काढताना कडेचा फोटो मागितला जातो तो याच फुगवट्यासाठी, कारण वरून दोन्ही सारख्या दिसतात.

बाजारात आणखी एक बारीक बॉबिन मिळते, साधारण 9 मिमी उंचीची. टेलरच्या वेगवान कारखानी मशीनची बॉबिनही त्याच उंचीच्या आसपास असते, फक्त व्यास साधारण 21 मिमी. बारीक बॉबिन 15 च्या केसमध्ये घातली तर आत खुळखुळते, दोरा बॉबिनच्या मागे उतरतो आणि पाच-सहा इंच शिवण झाली की खाली गुंता होतो.

सुई कोणती हे फोटोवरून कसे सांगायचे?

सुईच्या पाकिटावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि दुकानात दोन्ही सांगाव्या लागतात. एक म्हणजे सुईची जात. घरगुती मशीनची नेहमीची जात 15×1. तिलाच एचए×1 आणि 130/705 एच असेही म्हणतात. पाकीट कुठल्याही नावाचे असले तरी सुई एकच. तिचा वरचा जाड भाग सुमारे 2 मिमीचा आणि एका बाजूने सपाट कापलेला असतो. दुसरी गोष्ट जाडी: 11/75, 14/90, 16/100, 18/110. मोठा आकडा म्हणजे पात्याची जाडी मिलीमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे 90 नंबरची सुई 0.90 मिमीची. साध्या सुती कापडाला 14/90, जीन्सला 16/100 किंवा 18/110, मलमलीसारख्या तलम कापडाला 11/75.

15×1 मधले 15 पाहून बॉबिनही 15 क्लासचीच असे धरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. सिंगर 99 ला सुई 15×1 लागते आणि बॉबिन 66 क्लासची. हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले नाहीत.

टेलरची कारखानी मशीन बहुधा डीबी×1 सुई घेतात. तिचा वरचा भाग गोल आणि सुमारे 1.6 मिमीचा. ती घरगुती मशीनच्या भोकात घातली तर स्क्रू पकडत नाही, सुई एका बाजूला सरकते, टाके सुटतात आणि शेवटी सुई प्लेटवर आपटून मोडते. सुईचा फोटो म्हणून सुई बाहेर काढून, वरच्या टोकाचा जवळून, पट्टीसह घ्यावा. सपाट बाजू दिसली की अर्धे काम झाले.

काही जुन्या मशीनना वेगळीच जात लागते. सिंगर 12 ला 12×1. सिंगर 306 ला 206×13. ती 15×1 पेक्षा आखूड असते आणि त्याऐवजी 15×1 घातली तर टोक खाली आपटू शकते. मशीनमध्ये आधीपासून बसलेली सुई बरोबरच आहे असेही समजू नका. मागच्या माणसाने हाताला लागेल ती घातलेली असते.

सपाट बाजू कुठे वळवायची हे मॉडेलनुसार बदलते, पण नियम एक आहे: सपाट बाजू शटलच्या टोकाकडे, लांब खाच त्याच्या उलट, आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. सुईजवळची शेवटची दोऱ्याची कडी ज्या बाजूला आहे ती बहुधा खाचेची बाजू. सुई उलटी बसली तर मशीन एकही टाका धरत नाही. नीट वरपर्यंत ढकलली नाही, एक मिलीमीटर खाली राहिली, तरी टाके सुटतात.

एखादे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

समजा कोथरूडच्या एका घरात लाकडी पेटीतले हाताचे काळे मशीन आहे. खांबावर ‘सिंगर’ अक्षरे अर्धवट दिसतात. बेडवर चाकाजवळ ‘ईएफ’ आणि पुढे सहा आकडे. मॉडेलचा आकडा कुठेच नाही.

समोरच्या फोटोत टेन्शनची चकती पुढच्या बाजूला आहे, डाव्या टोकावर नाही. म्हणजे 15 असण्याची शक्यता कमी झाली. सरकती पट्टी उघडल्यावरच्या फोटोत बॉबिन वरून आडवी टाकलेली दिसते, म्हणून 15 उरतच नाही, आणि लांबट शटल नाही म्हणून 27, 28 चे घराणेही गेले. उरले 66, 99 आणि 201. बॉबिन काचेवर डुलते. 66 क्लास पक्का झाला, तिन्ही शक्यतांना जुळणारा. म्हणजे मॉडेल ठरायच्या आधीच बॉबिन ठरली.

आता बेडचे माप बघायचे. पूर्ण मापाच्या सिंगरचा बेड साधारण 37 सेंमी लांब आणि 18 सेंमी रुंद असतो. फोटोत लांबी 31 सेंमीच्या आत भरते. पाऊण मापाचे, वरून बॉबिन टाकायचे आणि पेटीत बसणारे मशीन म्हणजे 99के. नंबराच्या यादीत ‘ईएफ’चा तो गठ्ठा 99 वर पडतो का ते पाहायचे. तिथे जुळले तर शंका राहिली नाही. तिथे 15 निघाले तर मात्र नंबर पुन्हा वाचायचा: बहुधा एक आकडा चुकलेला असतो, क्वचित वरचा भाग आणि बेड दोन वेगळ्या मशीनचे असतात.

सुईखालच्या प्लेटचे भोक गोल आहे, म्हणून मशीन फक्त सरळ टाक्याचे. जोडसुई मागायची नाही. दुकानात मागणी अशी: 15×1 सुया, 14/90 चे एक पाकीट आणि 16/100 चे एक, 66 क्लासच्या लोखंडी, फुगीर बाजूंच्या बॉबिन पाच.

बॉबिन केसच हरवली आहे. फोटो दाखवून मिळेल का?

15 क्लासची केस सहज मिळते, पण त्यात एक बारकावा आहे. केसला बाहेर आलेले एक बोट असते आणि ते शटलच्या कडीतल्या खाचेत अडकून केस फिरू देत नाही. काही केसमध्ये ते घड्याळात एक वाजता काटा असतो तिकडे असते, काहींत अकराच्या जागी. चुकीची केस बसल्यासारखी वाटते, पण कट्ट आवाज येत नाही, आणि चाक फिरवले की सुई केसवर आपटते. म्हणून केसच्या फोटोऐवजी शटलच्या कडीचा, खाच कुठे आहे ते दिसेल असा फोटो न्या. डाव्या टोकाकडून, मशीन सरळ ठेवूनच काढा. उलटे धरून काढला तर एक सातच्या आणि अकरा पाचच्या जागी दिसतात.

माहितीपुस्तिका कुठून मिळवायची?

सिंगरच्या अनेक मॉडेलच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. जुन्या मशीनचे नंबर आणि पुस्तिका जुन्या शिलाई मशीनच्या संग्राहकांच्या ISMACS या संघटनेच्या पानावर आहेत. शोधताना कंपनी, मॉडेल आणि पुस्तिकेसाठीचा शब्द एवढेच टाका, वर्ष टाकू नका:

```
Singer 99K instruction manual pdf
ISMACS Singer serial numbers
```

पुस्तिका उतरवली की आधी दोरा ओवण्याचे चित्र तुमच्या फोटोशेजारी ठेवून पहा. कड्यांची संख्या आणि टेन्शनची जागा जुळली तर पुस्तिका तुमचीच. उषा, मेरिट किंवा कंपनीचा पत्ताच नसलेल्या 15 च्या नकलेला सिंगर 15 ची पुस्तिका चालते: तेलाच्या जागा, बॉबिन भरणे, टाक्याची लांबी, सगळे तेच असते. फरक पडलाच तर उलट टाक्याच्या दांड्यात आणि टेन्शनच्या जागेत. पुस्तिका विकत देणारी पाने भेटतील. जी फुकट मिळते तीच ती असते, हे पैसे भरण्याआधी तपासा.

फोनवर चित्र टाकून शोधले तर?

काळ्या मशीनसाठी उपयोग कमी. निकालात विकायला ठेवलेल्या मशीनचे फोटो येतात, आणि विकणाऱ्याने लिहिलेले मॉडेलही अंदाजाने लिहिलेले असते.

नव्या प्लॅस्टिकच्या मशीनचे काय?

इथे फार शोध लागत नाही. मागे किंवा तळाला व्होल्ट-वॅटची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल छापलेले असते. तिचाच फोटो काढा. समोर रंगीत अक्षरांत लिहिलेले नाव विक्रीचे असते, पुस्तिका पट्टीवरच्या आकड्याने लवकर सापडते. बॉबिन वरून टाकायची असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची, त्या कंपनीचीच घ्या. तिच्या जागी लोखंडी 15 घातली तर प्लॅस्टिकची खोबण खरवडते.

पुण्यात दुकानात जाताना काय बरोबर न्यावे?

रविवार पेठ, बुधवार पेठेच्या बाजूला मशीनच्या पार्टच्या दुकानात गर्दीच्या वेळी फोटो बघायला कोणाला उसंत नसते. जुनी बॉबिन आणि जुनी सुई खिशात असू द्या, फोटो मोबाइलवर आणि मागणी चिठ्ठीवर. ‘सिंगरची बॉबिन द्या’ म्हटले की समोर 15 क्लासची येते, कारण खप तिचाच. तिथेच काउंटरच्या काचेवर ठेवून कडेवर दाबून बघा. तुळशीबागेत सुया आणि दोरे मिळतील, 66 ची बॉबिन मिळेल असे गृहीत धरू नका. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लांबट शटल आणि त्याच्या बॉबिन कधी कधी भंगारात सापडतात. शटल घेताना टोकाला नख लावून बघा. टोक बोथट किंवा खरबरीत असेल तर दोरा तुटत राहील.

सगळे फोटो असूनही काय कळत नाही?

सुईची दांडी वर-खाली सरकलेली असेल तर ते फोटोत दिसत नाही. मेकॅनिकने कधी ती सैल करून वेगळ्या लांबीच्या सुईसाठी बसवलेली असते, आणि मग पुस्तिकेतली सुई बरोबर असूनही टाके सुटतात. तपासायचे तर नवी 15×1 सुई वरपर्यंत बसवा, दोरा न ओवता चाक हाताने तुमच्याकडे सावकाश फिरवा. सुई सर्वांत खाली जाऊन थोडी वर येऊ लागते तेव्हा शटलचे टोक सुईच्या भोकाच्या किंचित वरून, अगदी खेटून गेले पाहिजे. ते भोकासमोरून किंवा भोकाखालून गेले, तर सुई बदलून उपयोग नाही, दांडी लावून घ्यावी लागेल.